टूज कॉम्प्लिमेंटमध्ये ऋण संख्यांची बेरीज आणि ओव्हरफ्लो: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट, खाली सगळीकडे ८ बिट धरलेत, आणि बिटच्या रांगा इंग्रजी आकड्यात लिहिल्यात (`00101101` अशा) आणि त्यांची किंमत मराठी आकड्यात, म्हणजे कुठलं काय ते बघताक्षणी कळेल.

ऋण संख्येला सरळ पुढे वजाचं चिन्ह का नाही लावत?

लावता येतं की. सगळ्यात डावीकडचा बिट चिन्हासाठी ठेवायचा, 0 म्हणजे अधिक, 1 म्हणजे वजा, बाकीच्या सातात संख्या. पण मग बेरीज करणाऱ्या सर्किटचे हाल होतात. दोन्ही चिन्हं सारखी असतील तर मिळवा, वेगळी असतील तर आधी मोठी कुठली ते शोधा, मोठीतून लहान वजा करा, मोठीचं चिन्ह उत्तराला द्या, म्हणजे शाळेत जे पाठ करून घेतात तेच सगळं हार्डवेअरमध्ये बांधत बसायचं. वर शून्य दोन होतात, `00000000` आणि `10000000`, आणि "उत्तर शून्य आलं का" हे तपासताना दोन्ही बघायला लागतात.

टूज कॉम्प्लिमेंटमध्ये, म्हणजे बिट उलटवून एक मिळवायचा आणि तीच ऋण संख्या धरायची या पद्धतीत, सर्किटला चिन्ह कळतच नाही. ते डोळे मिटून मिळवतं आणि उत्तर बरोबर येतं, हीच त्यातली गंमत आहे. हे काही पहिल्यापासून सर्वमान्य नव्हतं बरं का. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केलं ते टूज कॉम्प्लिमेंटवर, आणि त्याच सुमाराचं सीडीसी ६६०० हे महासंगणक मात्र वन्स कॉम्प्लिमेंटवर चालायचं, म्हणजे नुसते बिट उलटवायचे, आणि त्यात ते दोन शून्यांचं लफडं होतंच.

बिट उलटवून एक मिळवायचा हे पाठ आहे, पण ते का चालतं?

घड्याळ बघा. पाच वाजलेत, काटा ३ तास मागे घेतला तर २ वाजतात, आणि ९ तास पुढे नेला तरी २ च वाजतात. म्हणजे बाराच्या घड्याळात "वजा ३" आणि "अधिक ९" एकच. आता घड्याळ बाराचं न घेता २५६ खुणांचं घ्या, कारण ८ बिटमध्ये २५६ रांगा बसतात. त्यात वजा ४५ म्हणजे अधिक २११, कारण २५६ − ४५ = २११. झालं, −४५ ला `11010011` लिहायचं, जी साधी वाचली तर २११ आहे.

उलटवून एक मिळवणं हा २५६ मधून वजा करायचा शॉर्टकट आहे. कुठलीही रांग आणि तिची उलटी रांग मिळवली की प्रत्येक घरात 0 आणि 1 ची जोडी येते, म्हणून उत्तर नेहमी `11111111`, म्हणजे २५५. तर उलटी रांग म्हणजे २५५ − क्ष, आणि त्यात १ मिळवला की २५६ − क्ष. उलटवताना उसना घ्यायला लागत नाही, म्हणून सर्किटला सोपं.

```
 45        00101101
उलट        11010010
+1         11010011   = -45
```

खात्री करायची तर डावीकडच्या पहिल्या बिटचं वजन +१२८ न धरता −१२८ धरा आणि बाकीच्यांची नेहमीचीच ठेवा: −१२८ + ६४ + १६ + २ + १ = −४५. परीक्षेत उत्तर तपासायला मी हीच पद्धत सांगतो, परत उलटवाउलटवी करण्यात लोक जास्त चुका करतात.

एक बेरीज पूर्ण करून दाखवा ना.

७० आणि −४५ घेऊ. उत्तर २५ यायला पाहिजे.

```
   01000110     70
 + 11010011    -45
 ----------
 1 00011001
```

उजवीकडून सुरुवात, 0 आणि 1 मिळून 1, पुढच्या घरात 1 आणि 1, म्हणजे 0 लिहायचा आणि हातचा 1, असं करत डावीकडे जायचं, दशमानात करतो तसंच. शेवटच्या घरातून एक हातचा बाहेर पडतो, त्याला नववं घरच नाही. तो सोडला की उरतं `00011001`, म्हणजे १६ + ८ + १ = २५. कुठेही "हा ऋण आहे, वेगळं वागा" म्हणावं लागलं नाही.

पण तो बाहेर पडलेला हातचा असा टाकून कसा द्यायचा? ही तर चीटिंग झाली.

नाही. त्या हातच्याची किंमत २५६ आहे, आणि −४५ लिहिताना आपणच २५६ जादा घातले होते (२११ = २५६ − ४५). म्हणजे आपलेच घातलेले परत निघाले. ७० + २११ = २८१, त्यातले २५६ गेले, २५ राहिले. घड्याळाच्या भाषेत काटा एक पूर्ण फेरी मारून आला, बस.

मग हातचा बाहेर पडला म्हणजेच ओव्हरफ्लो झाला ना?

नाही नाही नाही. या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. ओव्हरफ्लो म्हणजे खरं उत्तर −१२८ ते १२७ मध्ये न बसणं, आणि वरच्याच उदाहरणात हातचा बाहेर पडला तरी उत्तर एकदम बरोबर आलं. उलट १०० + ५० करा, हातचा बाहेर पडत नाही आणि उत्तर साफ चुकीचं येतं. चारही प्रकार एकाखाली एक बघा, बरोबरच्या चिन्हानंतरचा पहिला सुटा आकडा म्हणजे बाहेर पडलेला हातचा:

```
  20 +  30 : 00010100 + 00011110 = 0 00110010    50
 100 +  50 : 01100100 + 00110010 = 0 10010110  -106
 -30 + -20 : 11100010 + 11101100 = 1 11001110   -50
-100 + -50 : 10011100 + 11001110 = 1 01101010   106
```

दुसरी आणि चौथी ओळ चुकलेली आहे. एकीत हातचा 0, दुसरीत 1. पहिली आणि तिसरी बरोबर, त्यातही एकीत 0, एकीत 1. म्हणजे नुसत्या त्या हातच्यावरून ओव्हरफ्लोबद्दल काहीच कळत नाही.

कारण असं की त्या २५६ खुणांच्या घड्याळाला दोन शिवणी आहेत. गोल कापड शिवलं की कुठेतरी जोड येतो ना, तसं. चिन्ह नसलेल्या संख्या वाचता तेव्हा जोड २५५ आणि ० च्या मध्ये येतो, आणि पहिल्या रांगेपासून दुसऱ्या रांगेइतकं पुढे जाताना तो जोड ओलांडला की कॅरी, म्हणजे तोच बाहेर पडणारा हातचा, येतो. चिन्ह असलेल्या वाचल्या तर त्याच जागी −१ आणि ० शेजारीशेजारी बसतात, तिथे काहीच बिघडत नाही, ते शेजारी असायलाच पाहिजेत. त्यांचा जोड घड्याळाच्या अगदी समोरच्या बाजूला आहे, १२७ आणि −१२८ च्या मध्ये, `01111111` वरून `10000000` होताना. धन मिळवताना पुढे आणि ऋण मिळवताना मागे जायचं असं धरलं, तर ओव्हरफ्लो म्हणजे ही दुसरी शिवण ओलांडणं. घड्याळ एकच, बेरीज एकच, पण कॅरी एका शिवणीवर लक्ष ठेवतो आणि ओव्हरफ्लो दुसरीवर. म्हणूनच बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन वेगळे फ्लॅग, म्हणजे काय झालं ते सांगणारे एकेका बिटचे निशाण, असतात, आणि तुमच्या संख्या कुठल्या जातीच्या आहेत हे प्रोसेसरला माहीत नसल्यामुळे तो बेरीज केली की दोन्ही फ्लॅग लावून मोकळा होतो, कुठला बघायचा ते तुम्ही ठरवा.

नुसतं कागदावर बघून ओव्हरफ्लो कसा ओळखायचा?

चिन्हं बघा. दोन धन मिळवले आणि उत्तर ऋण आलं, किंवा दोन ऋण मिळवले आणि उत्तर धन आलं, तर ओव्हरफ्लो. एक धन एक ऋण असेल तर ओव्हरफ्लो होऊच शकत नाही, बघायचीसुद्धा गरज नाही, कारण उत्तर त्या दोघांच्या मध्येच कुठेतरी पडतं आणि ते दोघं आधीच −१२८ ते १२७ मध्ये बसलेले आहेत.

एक शंका येते की दोन धनांचा ओव्हरफ्लो इतका मोठा झाला की फिरून परत धनच दिसलं तर? नाही होत. जास्तीत जास्त १२७ + १२७ = २५४, म्हणजे `11111110`, अजून ऋण भागातच. आणि −१२८ + −१२८ = −२५६, म्हणजे `00000000`, साइन बिट 0, तेही पकडलं जातं.

पुस्तकात लिहिलंय "शेवटच्या घरात येणारा हातचा एक्सऑर बाहेर जाणारा हातचा". हे कुठून आलं?

वरचाच नियम आहे, फक्त हातच्यांच्या भाषेत. सर्वात डावीकडच्या घरात काय होतं तेवढंच बघा, तिथे दोन साइन बिट आणि उजवीकडून आलेला हातचा मिळतात.

दोन्ही धन असतील तर तिथे 0 आणि 0. बाहेर हातचा जाणं शक्यच नाही. उत्तराचा साइन बिट म्हणजे आत आलेला हातचा जसाच्या तसा. तो 1 आला तर उत्तर ऋण दिसणार, म्हणजे ओव्हरफ्लो: आत 1, बाहेर 0.

दोन्ही ऋण असतील तर 1 आणि 1. बाहेर हातचा जाणारच. उत्तराचा साइन बिट परत आत आलेल्या हातच्याइतकाच. तो 0 आला तर उत्तर धन दिसणार, ओव्हरफ्लो: आत 0, बाहेर 1.

वेगवेगळी चिन्हं असतील तर 0 आणि 1. आत 1 आला तर बाहेर 1 जातो, आत 0 आला तर बाहेर 0. कायम सारखे.

म्हणजे ओव्हरफ्लो तेव्हाच, जेव्हा दोन्ही हातचे वेगळे, आणि "वेगळे आहेत का" हेच एक्सऑर गेट विचारतं. ॲडरमध्ये, म्हणजे बेरीज करणाऱ्या सर्किटमध्ये, दोन्ही वायरी आधीच असतात, एक गेट जोडलं की ओव्हरफ्लो फ्लॅग तयार. १०० + ५० वर करून बघा: साइन बिट सोडून खालचे सात बिट म्हणजे १०० आणि ५० च, बेरीज १५०, १२८ च्या वर, म्हणून शेवटच्या घरात हातचा 1 येतो, पण बाहेर 0 जातो. वेगळे. पकडला.

8085 प्रोसेसरमध्ये ओव्हरफ्लो फ्लॅग दिसतच नाही, मग?

बरोबर, मॅन्युअलमध्ये पाचच फ्लॅग आहेत: साइन, झिरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी आणि कॅरी. 8086 मध्ये ओव्हरफ्लो फ्लॅग आला आणि त्यावर उडी मारायला `JO` मिळालं. डिप्लोमाला अजून 8085 शिकतात आणि तिथे बरीच पोरं ऋण संख्यांच्या प्रोग्रॅममध्ये `JC`, म्हणजे कॅरीवर उडी, लावून येतात, जे का चुकीचं ते वर सांगितलंच. 8085 वर चिन्हं स्वतः तपासायला लागतात. उत्तराचं चिन्ह दोन्ही संख्यांपेक्षा वेगळं असेल तर ओव्हरफ्लो, म्हणून उत्तर दोघांशी एक्सऑर करायचं आणि ते दोन्ही ॲंड करायचे:

```
MOV A, B
ADD C
MOV D, A
XRA B
MOV E, A
MOV A, D
XRA C
ANA E
JM OVF
```

B मध्ये `64H` म्हणजे १००, C मध्ये `32H` म्हणजे ५०. D मध्ये `96H` येतं. `96H` एक्सऑर `64H` = `F2H`, `96H` एक्सऑर `32H` = `A4H`, दोघांचं ॲंड `A0H`. वरचा बिट 1, साइन फ्लॅग लागला, `JM` उडी मारतो. खालच्या सात बिटांत काय कचरा आहे त्याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही.

वजाबाकीला वेगळं सर्किट लागतं का?

नाही. दुसऱ्या संख्येचे बिट उलटवा आणि उजवीकडच्या पहिल्या घरात हातचा म्हणून 1 सोडा, उलटवून एक मिळवणं तिथेच उरकलं. हातच्यांच्या एक्सऑरचा नियम इथेही तोच. फक्त चिन्हं बघून ओळखत असाल तर उलटं: वजाबाकीत ओव्हरफ्लो वेगळ्या चिन्हांच्या वेळी होतो, १०० − (−५०) सारखा.

−१२८ चं धन करायला गेलो तर परत −१२८ च येतं, माझं काय चुकलं?

काही नाही चुकलं. `10000000` उलटवलं की `01111111`, एक मिळवला की परत `10000000`. +१२८ ला ८ बिटमध्ये जागाच नाही, २५६ खुणांतली एक शून्याला गेली, १२८ ऋण बाजूला गेल्या, धनाला १२७ राहिल्या. हा पण ओव्हरफ्लोच, 8086 चं `NEG` अशा वेळी ओव्हरफ्लो फ्लॅग लावतं. जावामध्ये `Math.abs(Integer.MIN_VALUE)` छापून बघा, ॲब्सोल्युट व्हॅल्यू ऋण येते, −२१४७४८३६४८. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं लॅपटॉप बिघडला.

८ बिटची संख्या १६ बिटच्या संख्येत मिळवायची असेल तर पुढे शून्य लावायचे ना?

धन असेल तर हो. ऋण असेल तर 1 लावायचे, म्हणजे साइन बिटचीच कॉपी डावीकडे करत जायची. −४५ म्हणजे `1111111111010011`. शून्य लावले तर ती २११ होते आणि प्रत्येक उत्तर २५६ ने जास्त येत राहतं. उत्तर नेमकं २५६ ने चुकत असेल तर पहिल्यांदा हेच तपासा.

सी मध्ये ओव्हरफ्लो कसा पकडायचा? `if (a + b < a)` चालेल?

चालणार नाही, आणि वाईट म्हणजे कधीकधी चालल्यासारखं वाटेल. सी मध्ये साइन्ड ओव्हरफ्लो झाला की काय व्हावं ते भाषेने ठरवलेलंच नाही, म्हणून कंपायलर धरून चालतो की तो होतच नाही, आणि ऑप्टिमायझेशन चालू केलं की तुमची अट "b ऋण आहे का" एवढीच उरू शकते. C23 ने संख्या टूज कॉम्प्लिमेंटमध्येच असतील हे पक्कं केलं, पण ओव्हरफ्लोचं हे तसंच ठेवलंय. म्हणून मिळवायच्या आधी विचारा:

```c
if ((b > 0 && a > INT_MAX - b) ||
    (b < 0 && a < INT_MIN - b))
    overflow();
```

किंवा जीसीसी आणि क्लँगमध्ये `__builtin_add_overflow(a, b, &r)` वापरा, तो खरं उत्तर बसलं नाही तर 1 देतो, आणि x86 वर सहसा साधी बेरीज करून ओव्हरफ्लो फ्लॅगच बघतो. जावामध्ये `Math.addExact`, ते एक्सेप्शन फेकतं.

प्रत्यक्षात हे कुणाला चावतं का, की फक्त परीक्षेपुरतं?

मला चावलंय. बाल्कनीत उजेड मोजायला एक छोटा बोर्ड लावला होता, त्यावर `int` १६ बिटचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतच. सेन्सर ० ते १०२३ देतो, आकडा फार हलतो म्हणून ५० रीडिंगची सरासरी घेत होतो.

```c
int sum = 0;
for (int i = 0; i < 50; i++) sum += analogRead(A0);
int avg = sum / 50;
```

संध्याकाळी लिहिला, संध्याकाळीच टेस्ट केला, मस्त चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर उजेड −६५४. मी दोन दिवस वायरी बदलत बसलो, सेन्सर नवीन आणला, आणि नवीन सेन्सरही दुपारीच बिघडायचा! शेवटी कागद घेतला. रीडिंग ६५५ असेल तर ५० × ६५५ = ३२७५०, बसतं. ६५६ झालं की ३२८००, त्यातून ६५५३६ गेले, −३२७३६, भागिले ५० म्हणजे −६५४. ६५५ चं एकदम −६५४, एका पायरीत. धन वाढत वाढत मोठं होतं आणि अचानक जवळजवळ तेवढंच ऋण होतं ही ओव्हरफ्लोची खूण, सैल वायर अशी वागत नाही. `sum` ला `long` केलं, त्या बोर्डावर तो ३२ बिटचा, आणि मिटलं.

मधल्या पायरीत ओव्हरफ्लो झाला म्हणजे शेवटचं उत्तर गेलंच ना?

नुसती बेरीज-वजाबाकी असेल तर नाही, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. १०० + ५० − ६० करा, खरं उत्तर ९०. ८ बिटमध्ये १०० + ५० चे −१०६ झाले, फ्लॅग लागला. आता −१०६ मध्ये −६० मिळवा, होतात −१६६, म्हणजे २५६ मिळवून ९०. दोन ऋण मिळवून धन आलं, फ्लॅग परत लागला. दोनदा ओव्हरफ्लो आणि उत्तर बरोबर, कारण शिवण एकदा ओलांडून पलीकडे गेलो आणि त्याच शिवणीवरून परत आलो. शेवटचं उत्तर −१२८ ते १२७ मध्ये बसणारं असेल तर मध्ये कितीही वेळा ये-जा करा.

पण मध्ये भागाकार, तुलना किंवा मोठ्या टाइपमध्ये कॉपी आली की संपलं, माझ्या बोर्डावर ५० ने भागायच्या आधी कुणी परत आणलंच नव्हतं. आणि सी मध्ये मुद्दाम असा फायदा घ्यायचा असेल तर मधली बेरीज `unsigned` मध्ये करा, साइन्डमध्ये केली तर कंपायलर काय करेल याचा भरवसा नाही.